नवरी धनू, नवरा कर्क: जिवलग मैत्रिणीने लग्नातला टोस्ट कसा बांधावा

गोव्यात ख्रिस्ती लग्नांत टोस्ट हा रीतसर विधीच असतो. केक कापला की कुणीतरी माइक घेतं, नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलतं, सगळे उभे राहतात, ग्लास वर जातात आणि बँड वाजू लागतो. आता हिंदू रिसेप्शनमध्येही नवरीची मैत्रीण किंवा नवऱ्याचा मित्र बोलायला उभा राहतो. मी फोंडा, पणजी, म्हापसा भागात रिसेप्शनचं निवेदन करतो, त्यामुळे असं बोलणाऱ्यांच्या हातात माइक बरेचदा मीच देतो. पहिल्यांदा बोलणाऱ्या पुष्कळ जणांना एकच कल्पना आवडते: दोघांच्या सूर्यराशी एकमेकींशी पटणाऱ्या नाहीत, पण मनं मात्र जुळलीत. कल्पना खरोखर चांगली आहे. तिला धोका फक्त एका जागी आहे, आणि तो सभागृहाच्या पुढच्या दोन रांगांत बसलेला असतो.

त्या रांगांत आजी, मामा, मावश्या असतात. त्यांच्यासाठी रास म्हणजे चंद्ररास, पत्रिकेतली. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता ती, जिच्यावरून नावाचं अक्षर निघतं आणि गुणमेलन होतं. सूर्यरास ही जन्मतारखेवरून निघते आणि ती बहुतेक वेळा चंद्रराशीहून वेगळी असते. तुम्ही माइकवर "सोहम कर्क राशीचा" म्हणालात आणि त्याच्या आजीला तो वृषभेचा म्हणून ठाऊक असेल, तर ती शेजारणीला सांगणार, ही पोर चुकीचं बोलतेय. त्याहून वाईट म्हणजे "यांच्या राशी जुळत नाहीत" हे वाक्य ऐकून कुणाला तरी वाटणार की पत्रिकेत काही होतं आणि ते आपल्यापासून लपवलं. मग पुढचे विनोद कितीही चांगले असोत, ती रांग हसत नाही.

आधी विचारा, मग लिहा

लिहायला बसण्यापूर्वी नवरीला एक प्रश्न सरळ विचारायचा: लग्न ठरताना पत्रिकेवरून काही झालं होतं का? मंगळ, कमी गुण, नाडी, कुणाच्या घरून आलेला नकार, यांतलं काहीही. हाच प्रश्न नवऱ्याकडच्या एका जाणत्या माणसालाही विचारा, कारण मुलाच्या घरी झालेली चर्चा नवरीच्या कानावर आलेली असतेच असं नाही. काही झालं असेल तर राशींचा विषय सोडून द्यायचा. तडजोड करून थोडासा ठेवू, असं करू नका. ज्या घरात महिनाभर पत्रिकेवरून जेवणं गेली नाहीत, तिथे राशीचा हलकाफुलका उल्लेखही जड पडतो.

काही झालं नसेल तर दोघांच्या जन्मतारखा घ्या. इथून पुढे उदाहरणासाठी नवरीला रेवती म्हणू आणि नवऱ्याला सोहम. बोलणारी रेवतीची शाळेपासूनची मैत्रीण. रेवतीची तारीख १८ डिसेंबर, सोहमची १९ जुलै. पाश्चात्त्य पद्धतीने साधारण २२ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर धनू आणि २१ जून ते २२ जुलै कर्क, म्हणजे ही धनू आणि तो कर्क.

तारखांच्या बाबतीत एक बारकावा आहे. आपल्या पंचांगात सूर्य राशी बदलतो तो पाश्चात्त्य पद्धतीपेक्षा साडेतीन आठवड्यांनी उशिरा. म्हणून तर मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला येते आणि तिकडची मकर रास २२ डिसेंबरलाच सुरू होते. समजा नवरीची तारीख ५ डिसेंबर असती, तर इंग्रजी हिशेबाने ती धनू, पण पंचांगाच्या हिशेबाने तिचा सूर्य अजून वृश्चिकेत. सभागृहात भटजी असतातच, आणि ते जेवताना हे कुणाला तरी सांगणार. १८ डिसेंबर आणि १९ जुलै या तारखांना दोन्ही हिशेब एकच उत्तर देतात, हे रेवती-सोहमचं नशीब. तुमच्या तारखा तशा नसतील तर काही बिघडत नाही, फक्त "इंग्रजी तारखेच्या राशीनुसार" एवढे शब्द वाक्यात हवेत. तारीख राशीच्या अगदी सीमेवर असेल, म्हणजे महिन्याच्या साधारण १८ ते २३ च्या दरम्यान राशी बदलते त्या दिवसाची, तर त्या वर्षाची नेमकी वेळ पाहून घ्या. ही सीमा दरवर्षी काही तासांनी सरकते.

राशी खरंच विजोड आहेत का

हे पाहायचं कारण असं की मेष आणि सिंह घेऊन कुणी "जुळत नाहीत" म्हणालं, तर राशींची आवड असलेली मंडळी लगेच मान हलवतात. दोन्ही अग्नितत्त्वाच्या, त्यांचं पटतं असंच मानलं जातं. मेष, सिंह, धनू अग्नी. वृषभ, कन्या, मकर पृथ्वी. मिथुन, तूळ, कुंभ वायू. कर्क, वृश्चिक, मीन जल. विनोदाला सगळ्यात सोपी जोडी अग्नी आणि जलाची, कारण ती समजवावी लागत नाही. रेवतीची धनू अग्नी, सोहमची कर्क जल. धनू म्हणजे भटकी, तोंडावर बोलणारी, आधी निघणारी आणि मग रस्ता विचारणारी. कर्क म्हणजे घर, जेवण, माणसं, जपून ठेवलेल्या वस्तू. एवढं पुरे. राशींचे स्वामी, चर-स्थिर राशी यांत शिरलात की टोस्टचं व्याख्यान होतं.

प्रत्येक राशीचा एक ठरलेला विनोद असतो आणि तो टाळलेला बरा. कर्क म्हटलं की लोकांना "आईवेडा" सुचतं. लग्नाच्या दिवशी ते वाक्य सासूलाही टोचतं आणि सुनेलाही, आणि नवरा मध्ये बसलेला असतो. वृश्चिकेचा डंख, मिथुनेचे दोन चेहरे, कन्येच्या नावावरून केलेली कोटी, हेही तसंच.

पुराव्याशिवाय स्वभाव सांगू नका

माझ्या मते संपूर्ण टोस्ट यावर उभा राहतो किंवा पडतो. "धनूच्या लोकांना प्रवास आवडतो" हे वाक्य गोव्यातल्या कुठल्याही धनूच्या मुलीबद्दल म्हणता येईल, म्हणून त्यावर कुणी हसत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग हवा, त्यात जागेचं नाव हवं, आणि रेवतीने त्या वेळी उच्चारलेलं एखादं वाक्य हवं.

प्रसंग चारच लागतात. नवरीचा एक, नवऱ्याचा एक, आणि दोघं एकत्र असलेले दोन. नवऱ्याचा प्रसंग तुमच्याकडे नसणार, कारण तुम्ही त्याला दोन-तीन वर्षांपासूनच ओळखता. तो त्याच्या बहिणीकडून घ्या. "सोहमची एक सवय सांग, जिच्यावर तुम्ही घरी सगळे हसता आणि तोही हसतो" असं विचारा. "आणि तोही हसतो" हे महत्त्वाचं. ज्या सवयीवर घरचे हसतात पण तो चिडतो, ती माइकवर आणायची नाही.

दोघांच्या प्रसंगांसाठी गोव्यात एक हमखास जागा आहे, सिव्हिल रजिस्ट्रारचं कार्यालय. इथे लग्नाची नोंदणी दोन सह्यांत होते. आधी दोघं जाऊन लग्नाच्या इराद्याची सही करतात, मग काही दिवसांची मुदत सोडून दुसरी सही. त्या दोन फेऱ्यांत कागद, रांगा, साक्षीदार, झेरॉक्स, उशीर, सगळं येतं, आणि माणसाचा स्वभाव तिथे उघडा पडतो. सभागृहातल्या प्रत्येक लग्न झालेल्या माणसाने ते अनुभवलेलं असतं, त्यामुळे "पहिल्या सहीच्या दिवशी" एवढं म्हटलं तरी लोक कान टवकारतात.

आता क्रम. आधी स्वतःच्या मैत्रिणीवर, मग नवऱ्यावर, आणि नवऱ्यावरचा विनोद तिच्यावरच्यापेक्षा सौम्य. तुम्ही रेवतीच्या बाजूच्या आहात. तुम्ही तिची मनसोक्त थट्टा केलीत की नवऱ्याकडची माणसं निवांत होतात आणि मग सोहमच्या पाळीला तीच सगळ्यांत जास्त हसतात. उलट केलंत तर पहिल्याच मिनिटाला दोन पक्ष पडतात.

त्यानंतर वळण, आणि चुकतं ते इथेच. "पण प्रेमाला रास नसते" असं वाक्य टाकून लोक मोकळे होतात. सभागृह टाळ्या देतं, पण त्याने काही सिद्ध होत नाही. वळण असं हवं की ज्या सवयीवर आता हसलो, तीच सवय दुसऱ्याच्या उपयोगी पडलेली दिसावी. तिची घाई कुणाच्या तरी कामी आली आणि त्याची जपणूक तिच्या कामी आली. म्हणून दोघांचे प्रसंग दोन.

पूर्ण बांधलेला टोस्ट

वाचून दाखवायला साधारण तीन मिनिटं लागतात, हशा धरून. त्यापेक्षा लांबवू नका, मागे जेवणाच्या रांगा उभ्या असतात.

"नमस्कार. मी रेवतीची मैत्रीण, पाचवीपासून एका बाकावरची. आधी एक सांगते. पत्रिका भटजींनी बघितली आहे आणि ती उत्तम आहे. मी बोलणार आहे इंग्रजी तारखेच्या राशींबद्दल. रेवती १८ डिसेंबरची, म्हणून धनू. सोहम १९ जुलैचा, म्हणून कर्क. एक आग आणि एक पाणी.

धनूच्या हातात धनुष्य असतं. आमच्या धनूचा बाण आधी सुटतो, नेम ती नंतर धरते. एकदा रायबंदरला मला म्हणाली, 'पाच मिनिटांत आले गं.' धक्क्याला फेरीबोट लागली होती. ही चढली, चोडणला उतरली, आणि दोन तासांनी मला फोन, 'अगं, इथे पक्षी काय सुंदर आहेत!' मी अजून धक्क्यावर उभी.

आता भावोजी. खेकडा बिळापासून लांब जात नाही. सोहमला एका रात्रीसाठी मडगावला जायचं असलं तरी पिशवीत छत्री, टॉर्च, डासांचं मलम आणि घरच्या चटणीची बाटली असते. त्याची बहीण सांगते, चटणी आधी, कपडे नंतर.

पहिल्या सहीच्या दिवशी सोहम कार्यालय उघडायच्या आधी दारात. हातात फाईल, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. रेवती आली धापा टाकत, आणि तिचा जन्मदाखला घरी राहिलेला. मी म्हटलं, झालं. सोहमने काही न बोलता फाईल उघडली आणि तिचा दाखला काढला. आदल्या संध्याकाळीच तो तिच्या आईकडून घेऊन आला होता.

आणि याच वर्षी एका रात्री सोहमच्या बाबांना इस्पितळात न्यायचं होतं. सोहम बरोबर काय काय घ्यायचं ते गोळा करत होता. तो खाली आला तेव्हा रेवती गाडी चालू करून दारात उभी होती. त्या रात्री नेम आधी धरलेला होता.

मी भटजींना विचारलं, धनू आणि कर्क, कसं होणार? ते म्हणाले, हे षडाष्टक. माझं तोंड पडलं. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, अगं, षडाष्टकं दोन तऱ्हेची. हे प्रीतिषडाष्टक आहे.

तर ग्लास हातात घ्या. रेवती आणि सोहमसाठी. देव बरें करूं!"

शेवटच्या वळणाबद्दल थोडं सांगायला हवं. एकमेकींपासून सहाव्या आणि आठव्या जागी येणाऱ्या राशींना षडाष्टक म्हणतात, आणि मराठीत दोघांचं पटत नसलं की आपण सहज "त्यांचं षडाष्टक आहे" म्हणतो. पण गुणमेलनात त्याचे दोन प्रकार मानतात. राशीस्वामींची मैत्री असेल, किंवा दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल, तर प्रीतिषडाष्टक. धनूचा स्वामी गुरू, कर्केचा चंद्र, ते मित्र. या प्रकारात धनू-कर्क, मेष-वृश्चिक, मिथुन-मकर, सिंह-मीन, वृषभ-तूळ आणि कन्या-कुंभ या जोड्या येतात. बाकीच्या सहा जोड्यांच्या षडाष्टकाचं नाव लग्नात उच्चारण्यासारखं नाही. मेष-कन्या किंवा सिंह-मकर अशी जोडी असेल तर हा परिच्छेद सरळ काढून टाका, टोस्ट त्याच्याशिवायही पूर्ण आहे. आणि हा नियम चंद्रराशींचा आहे, सूर्यराशींना तो लावणं ही गंमत आहे. म्हणून टोस्टमध्ये आहे तसा भटजींना खरोखरच आधी विचारा. मुहूर्त लावणाऱ्या भटजींना हे विचारलं की ते खूश होतात, आणि तुम्ही त्यांचं नाव घेता तेव्हा पहिल्या रांगेत मान डोलावतात. ती मान बघून आजीही हसते.

इस्पितळाचा प्रसंग सोहमच्या बाबांना विचारल्याशिवाय बोलायचा नाही. आजार ही ज्याची त्याची गोष्ट. ते "नको" म्हणाले तर दुसरा शोधा: पावसात अडकलेली गाडी, चुकलेली बस, जिथे तिची घाई उपयोगी पडली असा कुठलाही. रेवतीच्या घाईची बाजू या प्रसंगाने उचलून धरली आहे, त्यामुळे तो नुसता गाळून चालणार नाही. गाळलात तर सोहम शहाणा आणि रेवती वेंधळी एवढंच शिल्लक राहतं.

तालीम कुणासमोर

रेवतीच्या घरच्यांसमोर नको, ते हसणारच. नवऱ्याकडच्या एका वयस्क बाईला, शक्यतो त्याच्या मावशीला किंवा आत्याला, फोनवर वाचून दाखवा. त्या कुठे हसल्या यापेक्षा कुठे थांबून "म्हणजे?" म्हणाल्या ते लिहून ठेवा. तिथलं वाक्य एकतर सोपं करायचं किंवा काढायचं. चटणीच्या वाक्यावर त्या "हो, तो तसाच आहे" म्हणाल्या, तर तो प्रसंग पक्का.

भाषा तुम्ही दोघी जी बोलता ती. गोव्यात आपण मराठीत बोलता बोलता कोंकणीत जातो, तसं टोस्टमध्येही चालतं. शेवटची हाक मात्र कोंकणीत असली तर ख्रिस्ती शेजारीही ती उचलतात, आणि कुणी "व्हिवा!" म्हणून आवाज टाकला तर मागची टेबलं जागी होतात.

त्या संध्याकाळी

हिंदू रिसेप्शनमध्ये टोस्टला ठरलेली वेळ नसते. नवरा-नवरी स्टेजवर आली की पाकिटं आणि फोटोंची रांग लागते, आणि ती एकदा लागली की मोडत नाही. म्हणून निवेदकाला दोन दिवस आधी फोन करून सांगा: जोडी स्टेजवर आल्यावर, रांग सुरू होण्यापूर्वी, तीन मिनिटं. आम्हाला ते सोयीचंच असतं. उघड्या लॉनवर रिसेप्शन असेल तर रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा "जेवणानंतर बोलेन" असं ठेवू नका.

ग्लासचंही आधी ठरवा. रिसेप्शन मंगेशी, म्हार्दोळ किंवा रामनाथीसारख्या देवस्थानच्या सभागृहात असेल तर दारूचा प्रश्नच नाही. कोकम सरबत मागवा. रंग सुंदर दिसतो, आजीलाही चालतं, आणि लहान मुलंही ग्लास उचलतात. केटररला सांगून तुम्ही बोलायला उठण्याआधी पुढच्या रांगांत ग्लास पोचलेले हवेत. लोकांच्या हातात काही नसेल तर "ग्लास हातात घ्या" म्हटल्यावर सगळे इकडेतिकडे बघतात आणि शेवटचं वाक्य वाया जातं.

कागद हातात असू द्या, फोन नको. स्टेजच्या दिव्यांत पडद्यावरचं दिसत नाही आणि मध्येच कुणाचा तरी फोन येतो. "पत्रिका उत्तम आहे" हे वाक्य सावकाश, पुढच्या रांगांकडे बघून म्हणा. तिथे एखादं डोकं हललं की पुढे चला. फेरीबोटीच्या प्रसंगात "मी अजून धक्क्यावर उभी" म्हणून थांबा आणि हशा ओसरायची वाट पाहा. हशा एकाच कोपऱ्यातून आला, म्हणजे तुमच्या शाळेच्या मैत्रिणींच्या टेबलावरून, तर प्रसंग बाकीच्यांना कळलेला नाही. अशा वेळी समजावत बसू नका, सोहमच्या चटणीवर जा. ती सगळ्यांना कळते.

"देव बरें करूं" म्हणून ग्लास वर केलात की दोन घोट घ्या, माइक निवेदकाकडे द्या आणि स्टेजवर जाऊन आधी सोहमच्या आई-बाबांना नमस्कार करा, मग रेवतीला मिठी. फोटोवाला तिथेच उभा असतो.